'अपकृत्यस्थळ' म्हणजे नेमकं कुठलं स्थळ?

सुनीता: शिरोलीतल्या एका फौंड्रीचे विम्याचे कागद मराठीत करतेय. त्यात 'अपकृत्यस्थळाचा कायदा' आलाय. अपकृत्य म्हणजे करार नसतानाही ज्याची भरपाई मागता येते अशी चूक, एवढं कळलं. कास्टिंग इथं ओतलं, जर्मनीत पंपाला बसवलं, तिथंच पंप फुटून मेकॅनिक जखमी झाला, तर स्थळ कुठलं? शब्दात 'कृत्य' आहे म्हणून मला शिरोली वाटते.

रणजित: ताई, जिथं लागलं तिथला कायदा. विषय संपला.

ॲड. मृणाल: जुना नियम तोच, रणजितदादा. 1892 चा अमेरिकेतला कॅरोलचा खटला बघा. रेल्वेचे डबे जोडणारी कडी सदोष होती. ती नीट तपासली नाही अलाबामात, तुटली मिसिसिपीत. कामगार, कंपनी, नोकरीचा करार, सगळं अलाबामाचं. तरी इजा मिसिसिपीत झाली म्हणून तिथला कायदा लागला, आणि त्यात सहकाऱ्याच्या हलगर्जीपणाबद्दल मालकाकडून भरपाई मिळत नव्हती. तो हरला. म्हणजे शब्दात 'कृत्य' असलं तरी नियम बघतो घाव कुठं बसला ते.

तानाजी: आमचं कास्टिंग ब्लोहोल म्हणून परत आलं, वर डेबिट नोट. पीओवर 'कोल्हापूर न्यायक्षेत्र' छापलंय. मग इथलाच कायदा ना?

ॲड. मृणाल: तुमचा वाद गिऱ्हाइकाशी आहे, करारातला. सुनीताताईंचा मेकॅनिक तुमच्या पीओला बांधलेला नाही. शिवाय खटला कुठं चालणार आणि कायदा कुठला लागणार, हे दोन वेगळे प्रश्न.

सुनीता: मग जर्मन कायदा पक्का?

ॲड. मृणाल: घाई नको. युरोपात 11 जानेवारी 2009 पासून 'रोम दोन' नियम आहे आणि सदोष मालासाठी त्यात वेगळा क्रम आहे. समजा मेकॅनिक राहतो ऑस्ट्रियात आणि तो पंप तिथंही विकला जातो. मग पंप जर्मनीत फुटला तरी कायदा ऑस्ट्रियाचा. तिथं विकला जात नसेल तर माल घेतला तो देश, आणि इजा झाली तो देश त्यानंतर. तिथंही माल बाजारात असला पाहिजे.

रणजित: शिरोलीच्या माणसाला ऑस्ट्रिया काय ठाऊक!

ॲड. मृणाल: त्याचीही सोय आहे. माल तिथं विकला जाईल याचा वाजवी अंदाज बांधता येत नव्हता, तर निर्मात्याच्या देशाचा, म्हणजे भारताचा कायदा. पण गिऱ्हाइकाच्या कॅटलॉगात व्हिएन्नाचा डीलर दिसला, मेलमध्ये त्याचा उल्लेख निघाला, की ही सबब टिकवणं अवघड. आणि 'माल' म्हणजे कास्टिंग की अख्खा पंप, यावर वकील भांडणारच.

रणजित: आणि मेकॅनिकनं दावा इथंच लावला तर?

ॲड. मृणाल: इथं इंग्लंडच्या 1870 च्या फिलिप्स विरुद्ध आयर खटल्यातली दुहेरी कसोटी चालत आलीय. ढोबळमानानं, घडलं तिथंही भरपाई मिळण्यासारखं हवं आणि आपल्या कायद्यातही.

सुनीता: मग 'हानिस्थळ' लिहू?

ॲड. मृणाल: नको. मेकॅनिकची मजुरी बुडाली, घरी पैशांची ओढाताण झाली, तीही हानीच. पण अशा मागाहूनच्या परिणामांचं ठिकाण तो नियम धरत नाही. 'इजास्थळ' बरं.

रणजित: इजा माणसाला होते. पंप फुटून शेजारचं मशीन मोडलं तर?

सुनीता: हेच विमा कंपनीला विचारते. तोवर मूळ शब्द तसाच ठेवते.