मदत हवी आहे: ग्रँटच्या प्रपोजलवर एआयचा शिक्का बसतोय, काय करू?

पाषाणची_संशोधक: शुक्रवारी प्रपोजल पाठवायचंय. इंग्रजी नीट करायला चॅटजीपीटी वापरलं. ऑफिसने डिटेक्टर लावला, निम्मं लाल. आता म्हणतात, सगळं पुन्हा लिहा. वापर जाहीर केला तर प्रपोजल बाद होईल का? लवकर सांगा.

कोथरूडकर: 10 टक्क्यांपर्यंत चालतं. यूजीसीचा नियमच आहे.

जुना_परीक्षक: तो साहित्यचोरीचा नियम, इथे लागू नाही. ताई, पैसे देणारी संस्था कोणती? प्रत्येकीचं वेगळं आहे.

पाषाणची_संशोधक: अमेरिकेतली. मुख्य अर्जदार तिकडचे, मी सहसंशोधक.

जुना_परीक्षक: एनएसएफ की एनआयएच? एनएसएफ म्हणते, वापर कसा आणि किती केला ते प्रकल्पाच्या वर्णनात लिहिलंत तर बरं.

पाषाणची_संशोधक: एनआयएच.

जुना_परीक्षक: मग जपून. 25 सप्टेंबर 2025 पासूनच्या अर्जांना त्यांचा नियम आहे: अर्ज किंवा त्याचा एखादा भाग मुख्यतः एआयने तयार केला असेल, तर ते अर्जदाराचं मूळ काम मानत नाहीत. किती टक्के म्हणजे मुख्यतः, ते सांगितलेलं नाही. ग्रँट मिळाल्यावर सापडलं तरी खर्च नामंजूर होऊ शकतो, ग्रँट थांबू शकते.

डेक्कनवाला: टर्निटिन डिटेक्टरमध्ये 20 टक्क्यांच्या खाली आणा, विषय संपला. आम्ही तेच करतो.

जुना_परीक्षक: 20 च्या खालचा आकडा भरवशाचा नाही म्हणून टर्निटिनच तो दाखवत नाही. त्याला परवानगी समजू नका. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेलचे निबंध सात डिटेक्टरांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. आपलं साचेबद्ध इंग्रजी तसंच अडकतं. ताई, नेमकं लाल काय आहे?

पाषाणची_संशोधक: पद्धतींचा भाग. 'नमुने उणे 80 अंशांवर साठवले जातील', असली वाक्यं. ती माझ्या जुन्या पेपरमधली, माझ्याच हातची. आणि नावीन्याचा परिच्छेद. तिथे चार मुद्दे देऊन मजकूर काढून घेतला होता.

जुना_परीक्षक: मग पद्धतींना हात लावू नका, जुने मसुदे तारखांसह ऑफिसला दाखवा. नावीन्याचा परिच्छेद मात्र कोरा कागद घेऊन स्वतः लिहा. कल्पना कुणाची, हे परीक्षक तिथेच बघतो. आणि मुख्य अर्जदारांना आजच कळवा, सही त्यांच्या संस्थेची असते.

डेक्कनवाला: कळवलं की ते घाबरून नावच काढतील. गप्प बसा.

जुना_परीक्षक: आणि उद्या चौकशी त्यांच्यावर आली तर?

मुळाकाठी: माझ्या प्रपोजलवरचा एक अभिप्राय सरळ यंत्राने लिहिलेला वाटतो. त्याची तक्रार कुठे करायची?

जुना_परीक्षक: एनआयएचने परीक्षकांना अभिप्रायासाठी एआय वापरणं 2023 पासून बंद केलंय. तुमचं प्रपोजल कुणाकडे होतं?

पाषाणची_संशोधक: मुख्य अर्जदारांना मेल केली. परिच्छेद लिहायला घेतलाय. ऑफिस मात्र अजून आकडाच मागतंय. त्यांना कुणी समजावलंय का कधी?