मदत हवी आहे: स्क्रीनचा फोटो दिला की एआय मॉडेल आकडे चुकवतं

मालाडकर_७: सोसायटीच्या थकबाकीचा एक्सेल तक्ता लॅपटॉपवर आहे, मॉडेल फोनवर. म्हणून फोटो काढून देतो. एका सदनिकेचे 1,38,450 मॉडेलने 1,33,450 वाचले, तेही बिनदिक्कत. फोटोत इंद्रधनुषी लाटा आहेत, वर ट्यूबलाइट चमकतेय. काय करू?

खडूस_काका: ब्राइटनेस कमी करा, पट्ट्या जातील.

रेखा_ठाणे: काका, ब्राइटनेस कमी केल्याने पांढरा भाग फटफटीत होणं थांबतं, हे खरं. पण कमी ब्राइटनेसला बऱ्याच लॅपटॉपचा प्रकाश भराभर चालू-बंद होतो आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. ते फोन स्थिर धरूनही कॅमेऱ्यात सरकताना दिसतात. अशा वेळी ब्राइटनेस वाढवायचा.

मालाडकर, तुमच्या लाटा वेगळ्या. स्क्रीनच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर पडून त्या तयार होतात. फोन जरा पुढेमागे केला की त्यांचा आकार बदलतो. त्यातली एखादी रेघ 8 च्या डाव्या कडेवरून गेली की उरतो 3. शिवाय मोठा फोटो मॉडेलला देण्याआधी बहुधा लहान केला जातो, त्यात बारीक अंक आणखी पुसट होतात. मग उरलेल्या आकारावरून मॉडेल अंदाज बांधतं आणि शंका न दाखवता लिहून टाकतं.

ट्यूबलाइटचा डाग त्याहून वाईट. त्याखालची अक्षरं फोटोत उतरतच नाहीत, नंतर कितीही एडिट करा.

लोकलप्रवासी: माझ्या फोनवर पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन एकत्र दाबलं की स्क्रीनशॉट येतो. तसंच करा ना!

रेखा_ठाणे: तो फोनच्या स्क्रीनचा, इथे लॅपटॉपचा हवाय. विंडोजवर `Windows + Shift + S` दाबा, तक्त्याभोवती चौकट ओढा, मॉडेल लॅपटॉपच्याच ब्राउझरमध्ये उघडून `Ctrl + V` करा. त्याहून बरं म्हणजे सेल निवडून `Ctrl + C` करा आणि मजकूरच चिकटवा. चित्र वाचायची भानगडच नको.

फोटोच काढावा लागला तर ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा पडदा ओढा, एक्सेल १५० टक्के झूम करून थोड्याच ओळी घ्या. फोन हातभर मागे नेऊन २x झूम लावा आणि स्क्रीनच्या समोर सरळ धरा. लाटा दिसल्या तर चार बोटं पुढेमागे सरका.

आणि मॉडेलने वाचलेल्या ओळींची बेरीज स्वतः मारा. तळाच्या एकूण रकमेशी नेमका 5,000 चा फरक आला, तर हजाराच्या घरात 8 चा 3 झालाय का ते आधी बघा.

मालाडकर_७: बेरीज मारली, बरोबर 5,000 कमी! आता मजकूरच चिकटवतो. पण ऑफिसच्या लॅपटॉपवर स्क्रीनशॉट बंद आहे, तिथे?

रेखा_ठाणे: तिथे फोटोही काढू नका, आधी आयटीवाल्यांना विचारा. माहिती बाहेर जाऊ नये म्हणूनच बहुधा बंद केलं असेल.

खडूस_काका: माझ्या लॅपटॉपवर ब्राइटनेस पूर्ण वाढवूनही पट्टे येतात. मग?

रेखा_ठाणे: खोलीतला दिवा बंद करून बघितलंत का? तरी आले तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० करून बघा. सगळ्या स्क्रीनवर चालेलच असं नाही. लॅपटॉपचा मॉडेल नंबर टाका, बघू.