मिठागरांच्या व्हिडिओला टूलवर संगीत बनवतेय. तीन प्रसंगांना कसं बसवू?

खारीवारा:
नमस्कार मंडळी. शिरोड्याच्या मिठागरांवर एक छोटा व्हिडिओ केला आहे, 2 मिनिटं 4 सेकंदांचा. त्यात तीन भाग आहेत. पहाटेची मिठागरं 38 सेकंद, त्यात कुणी बोलत नाही. मग मीठ ओढण्याचं काम 61 सेकंद, त्यावर माझं निवेदन आहे. शेवटी संध्याकाळच्या मिठाच्या राशी, 25 सेकंद. सुनो या एआयने संगीत बनवणाऱ्या टूलवर प्रत्येक भागासाठी वेगळं संगीत बनवून घेतलं. सुटं ऐकलं तर तिन्ही छान वाटतात, पण जोडली की तीन वेगळ्या व्हिडिओंचे तुकडे चिकटवल्यासारखं होतं. शिवाय एकही तुकडा लांबीला बसत नाही, मधेच तोडावा लागतो. कुठलं टूल घेऊ आणि कसं करू?

झटपट_संकलक:
टूल बदला, प्रश्न मिटेल. स्टेबल ऑडिओमध्ये लांबी सेकंदांत भरता येते. 38 टाका, 61 टाका, 25 टाका. मी इन्स्टाच्या रील्सना तेच करतो.

सम_आणि_खाली:
लांबीचं बरोबर आहे, फाईल मागाल तेवढीच मिळते. पण फाईल 38 सेकंदांची असली म्हणून आतली चाल 38व्या सेकंदाला पुरी होते असं नाही. बऱ्याचदा ती आधीच विरते आणि मागे शांतता उरते, किंवा ओळ अर्धी राहते. रीलमध्ये ते खपतं, कारण रील पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आणि ताईंची पहिली अडचण, तीन तुकडे परके वाटण्याची, तशीच राहते. तीनदा बनवलंत की तीनदा वेगळा सूर, वेगळी लय, वेगळी वाद्यं येणार.

खारीवारा ताई, तीन तुकडे बनवू नका. एकच बनवा, शेवट नीट असलेला, आणि त्याचे थर, म्हणजे ताल, बेस, चाल, सुटे करून तीन प्रसंगांना वाटा.

आधी लय ठरवा. मिनिटाला 80 मात्रा धरल्या तर चार मात्रा 3 सेकंदांत होतात आणि सोळा मात्रांचं आवर्तन 12 सेकंदांत. तुमचे प्रसंग 36, 60 आणि 24 सेकंदांचे असते तर तीन, पाच आणि दोन आवर्तनं बरोब्बर बसली असती. म्हणून पहाटेतून 2 सेकंद कापा आणि कामाच्या भागातून 1. शेवटच्या भागातला जास्तीचा सेकंद मात्र ठेवा, नाद विरायला तो लागेल. संगीत ताणण्यापेक्षा चित्र कापणं नेहमी सोपं, दोन सेकंद कमी झालेले कुणाला कळत नाहीत. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकली तर मात्र संगीत न शिकलेल्यालाही खुपते.

टूलला असं काहीतरी द्या, आणि 'इन्स्ट्रुमेंटल' चालू ठेवा:

```
sparse acoustic guitar and santoor, soft hand drum, warm bass, 80 bpm, calm, clear ending
```

"बासरी नको" असं याच ओळीत लिहू नका. नुसत्या उल्लेखानेही बासरी येऊन बसते. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर तिथेच घाला.

भजनी_पुतण्या:
मध्येच विचारतो. आमच्या काकांच्या भजनाचं रेकॉर्डिंग आहे, पेटी-मृदंगासकट. त्याच्या मागे असं संथ संगीत भरायचंय. मी टूलला काळी एकचा सूर सांगितला तरी काहीतरी खटकतंय.

सम_आणि_खाली:
दादा, सूर सांगितला तरी टूल तो पाळेलच असं नाही. आणि गाणारा माणूस लयीत थोडा पुढे-मागे सरकतो, मागचं संगीत सरकत नाही. गात्या गळ्याखाली दुसरी चाल घालूच नका. पेटी आहे, मृदंग आहे, ते पुरेसं आहे. भरायचंच असेल तर भजनाच्या आधी, देवळाची दृश्यं असतील तिथे भरा आणि पहिला स्वर लागण्याआधी विरवून टाका.

खारीवारा:
तुम्ही दिलेली ओळ वापरून बरेच नमुने काढले. एक फार आवडला, शेवटही छान आहे. पण 80 मागूनही लय किंचित घाईची वाटते. आणि थर सुटे करायचे म्हणजे कशाने?

सम_आणि_खाली:
मोजून बघा. सोळा मात्रांना किती वेळ लागतो ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर पाहा. 12 सेकंद आले तर 80. 11.7 च्या आसपास आले तर 82. नेमकं हवं असेल तर चार-पाच आवर्तनं सलग मोजा आणि भागा. आणि 6 सेकंद आले तर टूलने दुप्पट लय धरली आहे, तो नमुना सोडून द्या. 82 असेल तर ffmpeg या फुकट प्रोग्रामला एवढंच सांगा:

```
ffmpeg -i mool.wav -filter:a atempo=0.976 taal80.wav
```

यात सूर बदलत नाही, फक्त वेग उतरतो. इतक्या थोड्या फरकाने वाद्यांचा आवाज बिघडत नाही, पण फार जास्त ओढलं तर संतूरचे आघात पसरट होतात.

थरांसाठी डेमक्स आहे, फुकट मिळतं. सुनोच्या पैसे भरलेल्या खात्यातही थर सुटे करून मिळतात.

```
demucs taal80.wav
```

तालवाद्य, बेस, गळा आणि बाकीची वाद्यं अशा चार फायली येतील. गळ्याची जवळजवळ रिकामी असेल. आता वाटणी. पहाटेला फक्त बाकीची वाद्यं, म्हणजे गिटार आणि संतूर. निवेदन सुरू होतं तिथे उलट करा: चाल काढा, बेस आणि तालवाद्य ठेवा. लोक निवेदनाखाली हळवी चाल ठेवतात आणि ताल बंद करतात, पण बोलण्याशी भांडते ती चाल, कारण संतूर आणि माणसाचे उच्चार कानाला एकाच भागात ऐकू येतात. बेस खाली राहतो, शब्द मोकळे सुटतात. शिवाय मीठ ओढणाऱ्या हातांना ताल शोभतो. संध्याकाळी सगळे थर एकत्र येऊ द्या.

शेवट पुढून लावू नका, मागून लावा. तुकड्याची शेवटची सम शोधा आणि तिथून मागे 24 सेकंद मोजून त्या जागी संध्याकाळचं पहिलं दृश्य ठेवा. म्हणजे शेवट आपोआप जुळतो आणि जे कापायचं ते मधल्या निवेदनाखाली, समेवर कापलं जातं. तिथे अगदी छोटा क्रॉसफेड दिला की सांधा कळत नाही, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष शब्दांवर असतं.

झटपट_संकलक:
निवेदनाखाली आवाज किती? मी तर निम्मा करतो.

सम_आणि_खाली:
निम्मा पुरत नाही, कान फसतो. संगीत निवेदनापेक्षा 15 ते 20 डेसिबल खाली ठेवून बघा. मग हेडफोन काढून मोबाईलच्या स्पीकरवर, पंखा सुरू असताना ऐका. एखादा शब्द पुन्हा ऐकावासा वाटला तर अजून खाली घ्या.

खारीवारा:
केलं सगळं. पहाट आणि शेवट अगदी हवा तसा आला! शेवटची सम राशीवरच्या कापडाच्या दृश्यावर पडतेय. पण मधल्या भागात तालाच्या फाईलमध्ये संतूरचे पुसटसे ठिपके ऐकू येतात.

सम_आणि_खाली:
ती गळती आहे. दोन्हींचे आघात टोकदार, म्हणून डेमक्सला ते नीट वेगळे करता येत नाहीत. तालाच्या थरावर इक्वलायझरमधल्या वरच्या पट्ट्या थोड्या कापा, बरंच झाकलं जाईल. निवेदनाच्या मधल्या विसाव्यात मात्र थोडं ऐकू येईल, त्यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही.

मालवणी_ढोलकी:
उपाय आहे. मधल्या भागाला टूलचा ताल काढून टाका. गावातल्या ढोलकीवाल्याला बोलवा, कानात 80 ची टिकटिक द्या, एक मिनिट वाजवून घ्या. किंवा मीठ ओढण्याचाच आवाज जवळून रेकॉर्ड करा.

सम_आणि_खाली:
मीठ ओढण्याचा आवाज मला जास्त पटतो. ढोलकीने मिठागराचा उत्सव होईल अशी भीती वाटते. पण हे ताईंनी ठरवायचं. आणि ताई, व्हिडिओतून पैसे येणार असतील तर एक बघा: सुनोच्या फुकट खात्यावर बनवलेलं संगीत व्यावसायिक कामाला चालत नाही. नंतर पैसे भरून जुनं वापरू म्हणाल तर तेही धरून चालू नका, खातं घेऊन नवं बनवा.

खारीवारा:
फुकट खात्यावरच बनवलंय. हा एका संस्थेसाठी आहे, ते यूट्यूबवर टाकणार आहेत, जाहिराती लावणार का ते विचारते. मीठ ओढण्याचा आवाज मात्र उद्या सकाळी जाऊन घेते.