मदत हवी आहे: ताईच्या हातातला फोन काढून गुलाब ठेवायचाय, पण बोटं काही जमत नाहीत

पेंगुळलेली_खार

ताईच्या डोहाळजेवणाचा एक फोटो फार सुंदर आलाय. झोपाळ्यावर बसली आहे, अंगावर फुलांचे दागिने, चेहऱ्यावर अगदी हवं तसं हसू. पण हसू आलंय भावजींच्या व्हिडिओ कॉलमुळे, त्यामुळे उजव्या हातात फोन! फोनची पाठ आपल्याकडे, त्यावर चार बोटं, बोटांवर मेंदी. अंगठा फोनच्या मागे लपलाय. आईला हा फोटो 12 × 18 इंचाच्या फ्रेममध्ये हवाय आणि फोनच्या जागी गुलाब हवाय.

मी GIMP मध्ये चारही बोटं Paths टूलने कापून वेगळ्या लेयरवर घेतली. फोन पुसला, मागची साडी जमेल तशी Clone ने भरली, मधे गुलाब सरकवला आणि सगळ्यांत वर बोटं ठेवली. देठ बोटांच्या मागून जातो, म्हणजे क्रम बरोबर आहे. तरी आईने बघितल्याबरोबर विचारलं, "हिने फूल धरलंय, की फूल हिच्या हातामागे उभं आहे?" चुकतंय कुठे?

रविवारचा_रंगारी

सावली नाहीये, दुसरं काही नाही. गुलाबाच्या लेयरवर Drop Shadow लावा, पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे लग्नाच्या अल्बमची कामं येतात, नव्वद टक्के वेळा सावलीच राहिलेली असते.

पेंगुळलेली_खार

लावून बघितली. आता वहीवर चिकटवलेल्या स्टिकरसारखं दिसतंय. शिवाय सावली मागच्या साडीवर पडते, बोटांजवळ काहीच नाही.

काळोखी_खोली

सावलीचं नंतर बघू. आधी एक करा. फोन हातात ताईसारखा धरा आणि कुणाला तरी सांगा, बोटं जराही न हलवता फोन काढून त्या जागी पेन्सिल ठेव. पेन्सिल खाली पडेल. तुमच्या गुलाबाचं तेच झालंय.

फोन साधारण सात-साडेसात सेंटिमीटर रुंद असतो. तो धरताना बोटं उघडी राहतात, मधे जवळजवळ सरळ असतात आणि टोकाशी कडेवर वळतात. गुलाबाचा देठ जेमतेम अर्धा सेंटिमीटर. तो धरायला मूठ मिटावी लागते किंवा चिमटीत धरावा लागतो. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण आयुष्यभर हात बघितलेत त्याने, लगेच खटकतं. म्हणजे तुमचं फूल ठीक आहे, पकड दुसऱ्या वस्तूची आहे.

आठवणींचा_ट्रंक

अगदी! आमच्या आजोबांच्या जुन्या फोटोतली विडी मी अशीच पुसली होती. विडी गेली, दोन बोटं तशीच उभी राहिली. आता भिंतीवर आजोबा निवडणूक जिंकल्यासारखे दोन बोटं दाखवत बसलेत. आजी म्हणते, विडीच बरी होती.

रविवारचा_रंगारी

मग बोटं वाकवा की. फोटोशॉपमध्ये Puppet Warp आहे, GIMP मध्ये Cage Transform. मूठ मिटवून टाका.

काळोखी_खोली

थोडंसं वळवायचं असेल तर चालतं. उघडा हात पूर्ण मिटवायला गेलात तर बोटं रबरी दिसतात. खरं बोट मिटताना नुसतं वाकत नाही, आपल्या दिशेला असलेला भाग आखूड दिसू लागतो, सांध्यावरच्या सुरकुत्या ताणल्या जातात, नखाचा कोन बदलतो. त्यात इथे मेंदी आहे. नक्षी ताणली गेली की चोरी लगेच पकडली जाते.

एरवी मी सांगितलं असतं की त्याच बाजूने उजेड घेऊन, गुलाब धरलेल्या हाताचा नवा फोटो काढा आणि बांगड्यांच्या रेषेवर जोडा, सांधा बांगड्यांत लपतो. पण मेंदी आता उतरली असणार.

तेव्हा बोटांना हात लावू नका, वस्तू बदला. फोनएवढी रुंद आणि चपटी अशी कुठली फुलं आहेत बघा. त्यात दुसराही फायदा आहे. फोनने जे झाकलं होतं (अंगठा, साडीचा काठ) ते नवी वस्तूही झाकेल, मग काहीच नव्याने रंगवावं लागणार नाही. Clone ने भरलेली साडी काढून मूळ फोटोवर परत या.

पेंगुळलेली_खार

चपटी फुलं?? निशिगंधाच्या दांड्या शेजारी शेजारी बांधून?

तळकोकणची

केवडा! रुंद, लांब, चपटा. हातात धरला की अगदी फोनसारखीच पकड होते. श्रावण-भाद्रपदात बाजारात मिळेल. कडेचे काटे तेवढे सांभाळा.

भस्म_आणि_बेल

केवडा शंकराला वाहत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

तळकोकणची

शंकराला नाही हो, गर्भारणीच्या हातात द्यायचाय. तोही फोटोत.

काळोखी_खोली

केवडा उत्तम. तो फोटो काढताना घरातल्या कुणाला तरी आधी तोच फोन धरायला लावा, मग बोटं तशीच ठेवून केवडा द्या. बोटांना जास्त मिटावं लागलं तर आणखी एक पान आत सरकवा. किती जाड हवा ते बोटंच सांगतील. उजेड मूळ फोटोत ज्या बाजूने आहे त्याच बाजूने घ्या.

आता सावली. फोनचं कव्हर कुठल्या रंगाचं आहे?

पेंगुळलेली_खार

फिकट गुलाबी, साधं, नक्षी नाही.

काळोखी_खोली

नशीबवान आहात. बोटांची खरी सावली त्या कव्हरवर पडलेलीच आहे, तीच वापरू. मूळ फोटोतला फोनचा भाग वेगळ्या लेयरवर घ्या, Desaturate करा, मग Levels मध्ये उजवीकडचं टोक डावीकडे आणत जा. कव्हर पांढरं होईल आणि बोटांलगतचा करडा पट्टा उरेल. तो लेयर केवड्याच्या वर, बोटांच्या खाली ठेवून मोड Multiply करा. कॅमेऱ्याची भिंगं आणि कव्हरवरची चमक यांचे डाग राहतील, ते पांढऱ्या ब्रशने पुसा. फार करडं वाटलं तर किंचित तपकिरी छटा द्या, फुलावर पडलेली सावली काळी नसते.

बोटांच्या कडांना गुलाबी रेघ राहील. मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या.

रविवारचा_रंगारी

Multiply ची युक्ती माहीत नव्हती. पण कव्हर काळं असतं तर?

काळोखी_खोली

तर चाललं नसतं. काळ्यावर सावली दिसतच नाही, ती हाताने रंगवावी लागते.

पेंगुळलेली_खार

तीन आठवड्यांनी परत आले. केवडा मिळाला, भावाने धरला, फोटो झाला. सावली खरंच आपोआप बसली, मी हरखून गेले! आई म्हणाली, आता धरलेला वाटतोय. गुलाबाचा हट्टही तिने सोडला.

एकच अडचण. ताईची करंगळी फोनच्या खाली आधाराला आहे, वरच्या तीन बोटांसारखी पाठीवर नाही. केवडा तिच्याही खाली लांबवला तर करंगळी आडवी, उगाच अडकलेली दिसते.

काळोखी_खोली

लांबवू नका. केवड्याचं कापलेलं बूड करंगळीवरच टेकू द्या, फोन टेकला होता तसं. तिथे टेकल्याजागी सावलीची एक बारीक, गडद रेघ काढा.

तळकोकणची

मला नाही पटत. एवढा लांब केवडा कुणी बुडाशी धरत नाही, मधेच धरतो. करंगळी पुसून टाका, तीन बोटं दिसली तर कोण मोजतंय?

आठवणींचा_ट्रंक

आजी मोजते.

पेंगुळलेली_खार

दोन्ही करून आईला दाखवते. पण करंगळीवर अंगठी आहे, आणि ती भावजींनी दिलेली आहे…