मदत हवी आहे : ठेकेदाराचं हाताने लिहिलेलं एस्टिमेट वाचता येत नाही, गुणाकारही जुळत नाहीत

सुप्रिया_के

नमस्कार. कराडजवळ गावी आई-बाबांचं जुनं घर आहे. पावसाळ्याआधी दुरुस्ती उरकायची आहे. गावातल्याच ठेकेदाराने डुप्लिकेट बुकात एस्टिमेट लिहून दिलं, बाबांनी खालच्या कार्बन प्रतीचा फोटो मला व्हॉट्सॅपवर पाठवला. कागदावर घडी पडलेली आहे, आकडे मराठी-इंग्रजी मिसळून लिहिलेत. मी जसं वाचलं तसं उतरवते, जिथे शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह टाकलंय.

१. आतून प्लास्टर, मटेरियलसह : ६४० चौ. फूट, दर ४४ (?), रक्कम ३०,७२०
२. गच्चीला ब्रिकबॅट कोबा : ४२० चौ. फूट, दर ११०, रक्कम ४२,६००
३. फरशी बसवणे : ३८५ चौ. फूट, दर ५५, रक्कम २१,१७५
४. स्कर्टिंग : ९२ रनिंग फूट, दर ३५, रक्कम ३२२०१ (?)
५. कंपाउंडची वीटभिंत, ९ इंची, २० × ६ : १.२० ब्रास, दर १८,०००, रक्कम २१,६००
६. रंगकाम : ११५० चौ. फूट, दर १८, रक्कम २०,७००
७. किचन ओटा : १.५ (?), दर रिकामा, रक्कम २८,०००

खाली एकूण १,६८,०१५. मी बेरीज केली तर १,९६,९९६ येते. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा गुणाकार जुळत नाही. मी चुकीचं वाचतेय की त्यांनी चुकीचं लिहिलंय, हेच कळत नाही. बाबांना ॲडव्हान्स द्यायचा आहे, त्याआधी कागद नीट समजून घ्यायचा आहे.

राजू_सातारकर

ताई, कोब्याला ११० ठीक आहे, पण प्लास्टर जरा चढं वाटतंय. आणखी दोघांकडून कोटेशन घ्या. रंगाला १८ मध्ये प्रायमर आणि दोन हात धरलेत का विचारा. पुट्टी असेल तर एवढ्यात होणार नाही.

सुप्रिया_के

राजूदादा, दर योग्य आहेत का हा प्रश्न पुढचा. आधी दर नेमका किती लिहिलाय तेच मला वाचता येत नाहीये.

गणितप्रेमी६२

अशा वेळी नवाचा ताळा सगळ्यात सोपा. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची. पहिली ओळ घ्या. ६४० चा ताळा १, ४४ चा ८, गुणाकाराचा ताळा ८ यायला हवा. ३०,७२० चा येतो ३. म्हणजे ४४ नाही. ४८ धरला तर त्याचा ताळा ३, आणि जुळलं. दर ४८ आहे.

दुसरी ओळ : ४२० चा ६, ११० चा २, गुणाकार १२, म्हणजे ३. ४२,६०० ची अंकबेरीज १२, म्हणजे ३. ताळा जुळतो. ही ओळ बरोबर आहे, तुमचाच गुणाकार कुठेतरी चुकला असेल.

सुप्रिया_के

काका, मी मोबाइलवर परत परत केलं. ४२० गुणिले ११० म्हणजे ४६,२००च येतात.

साइटवरचा_माणूस

सुप्रियाताई, तुमचा गुणाकार बरोबर आहे. मी बरीच वर्षं बांधकामाची बिलं तपासली, त्यावरून सांगतो.

गणितप्रेमी, पहिल्या ओळीत तुमचा ताळा बरोबर चालला, दुसऱ्या ओळीत त्याने फसवलं. ४६,२०० आणि ४२,६०० यांत अंक तेच आहेत, फक्त ६ आणि २ ची अदलाबदल झाली आहे. अंक तेच म्हटल्यावर बेरीज तीच आणि ताळाही तोच. हाताने उतरवताना वारंवार होणाऱ्या चुकांपैकी ही एक, आणि नवाच्या ताळ्याला ती कधीच सापडत नाही. फरक काढून बघा, ३,६०० येतो. त्याला ९ ने पूर्ण भाग जातो. असा भाग गेला की आधी अंक उलटे पडलेत का ते बघायचं. शेजारचे अंक उलटे पडले तर फरकाला ९ ने भाग जातोच. मात्र भाग गेला म्हणजे अंक उलटेच पडले, असं नाही.

आता वाचण्याचं. प्रत्येक ओळीत तीन आकडे असतात : माप, दर, रक्कम. त्यातला एकच संशयास्पद असेल तर उरलेल्या दोघांवरून तो काढता येतो. पहिल्या ओळीत ३०,७२० ला ६४० ने भागा, बरोबर ४८ येतात, बाकी शून्य. तुमच्या फोटोत तो दुसरा अंक वरून बंद आहे का बघा. मराठी चार वरून उघडा असतो, इंग्रजी आठ बंद. एकाच आकड्यात मराठी चार आणि इंग्रजी आठ लिहिणारे मिस्त्री मी खूप पाहिलेत. तसंच मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांचं. कार्बन प्रतीत तर हे दोन्ही सारखेच दिसतात.

हीच रीत दुसऱ्या ओळीला लावा. ४२,६०० भागिले ४२० केलं तर १०१.४३ असं काहीतरी येतं. असा दर कुणी लावत नाही. रकमेला मापाने भागून दर गोल येत नसेल, आणि माप-दर दोन्ही स्वच्छ वाचता येत असतील, तर गडबड रकमेत आहे.

सुप्रिया_के

फोटो मोठा करून पाहिला. पहिल्या ओळीतला दुसरा अंक खरंच वरून बंद आहे! मग ४८. दुसऱ्या ओळीतही मीच २ आणि ६ उलटे वाचले असतील का? तिथे कार्बन पुसट आहे.

साइटवरचा_माणूस

त्याचं उत्तर खालच्या बेरजेत मिळेल. पण आधी चौथी ओळ सोडवा, नाहीतर बेरीज लागणार नाही. ९२ गुणिले ३५ म्हणजे ३,२२०. तुम्ही ३२२०१ वाचलंत. शेवटचा एक हा अंक नसून रुपयांच्या आकड्यापुढची तिरकी रेघ आहे. तिच्यापुढे आडवी रेघ असते, ती घडीत गेली असणार.

आता मांडा. प्लास्टर ३०,७२०, कोबा ४२,६००, फरशी २१,१७५, स्कर्टिंग ३,२२०, भिंत २१,६००, रंग २०,७००, ओटा २८,०००. बेरीज १,६८,०१५. कागदावरच्या एकूण रकमेशी पै न पै जुळते. तुमच्या बेरजेत २८,९८१ जास्त येत होते, ते सगळे त्या एका तिरक्या रेघेचे.

आणि यावरूनच हेही ठरलं की कोब्याची रक्कम तुम्ही बरोबर वाचलीत. त्यांनी ४६,२०० लिहिले असते तर एकूण १,७१,६१५ आली असती. त्यांनी बेरीज ४२,६०० धरूनच केली आहे. चूक लिहिणाऱ्याची.

सातव्या ओळीत १.५ नसावं. इंग्रजी एल आणि एस, मध्ये टिंबं. लमसम, म्हणजे एकरकमी. म्हणून दराचा रकाना रिकामा आहे. ही ओळ गुणाकाराने तपासताच येत नाही. ओट्याची लांबी, ग्रॅनाइट कोणतं, सिंक त्यात धरलंय की नाही, हे त्याच ओळीखाली लिहून घ्या.

मीना_डोंबिवली

म्हणजे कोब्याची चूक तुमच्या फायद्याची आहे, सुप्रिया. ३,६०० रुपये वाचतात. मी असते तर गप्प बसले असते आणि १,६८,०१५ वर सही घेतली असती.

प्रशांत_नाशिक

मीनाताई, तसं होत नाही. आमच्या गच्चीच्या कामात एस्टिमेटची बेरीज कमी पडली होती. आम्ही समजलो, तेवढंच द्यायचंय. काम झाल्यावर ठेकेदाराने टेप लावून माप घेतलं, दराने गुणलं आणि वरचे पैसे मागितले. कागदावर दर आमच्याच सहीने मंजूर होता. वाद वाढला आणि शेवटी संबंध बिघडले.

साइटवरचा_माणूस

प्रशांत म्हणतात ते खरं आहे. दरावर ठरलेल्या कामात शेवटचं बिल प्रत्यक्ष माप गुणिले दर असंच होतं. सरकारी टेंडरमध्येसुद्धा दर आणि रक्कम यांचा मेळ बसला नाही तर साधारणपणे दर ग्राह्य धरतात. तुमच्या बाबांनी १,७१,६१५ धरूनच पैशाची सोय करावी आणि चूक आजच दाखवून द्यावी.

पण ताई, तुम्ही बरोबर समजून सोडलेली पाचवी ओळ मला जास्त खटकते. १.२० गुणिले १८,००० म्हणजे २१,६००, गुणाकार चोख आहे. प्रश्न ब्रासचा आहे. वीटकाम, वाळू, खडी यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. तुमची भिंत २० लांब, ६ उंच आणि ९ इंच म्हणजे पाऊण फूट जाड. २० × ६ × ०.७५ म्हणजे ९० घनफूट, ०.९० ब्रास. त्यांनी १.२० लिहिलंय, म्हणजे २० × ६ चे १२० चौरस फूट घेऊन १०० ने भागलंय. प्लास्टर-फरशीच्या मजुरीत १०० चौरस फुटालाही ब्रास म्हणतात, तसा.

गणितप्रेमी६२

मग सरळ चूक आहे. ०.९० × १८,००० म्हणजे १६,२००. ५,४०० जास्त लावलेत.

साइटवरचा_माणूस

तसं लगेच म्हणता येणार नाही. त्यांनी दरही चौरस फुटाच्या हिशेबाने लावला असेल, म्हणजे ९ इंची भिंतीला १८० रुपये चौरस फूट, तर हिशेब सरळ आहे. तोच दर घनफुटाच्या ब्रासवर नेला तर २४,००० होतो, आणि ०.९० × २४,००० पुन्हा २१,६००च. पण १८,००० हा दर घनफुटाच्या ब्रासचा असेल आणि माप चौरस फुटाचं, तर मात्र ५,४०० जास्त लागलेत. कागदावरून हे कळणार नाही, विचारावंच लागेल.

सुप्रिया_के

बाबांनी आत्ता फोन केला होता. कोब्याची चूक ठेकेदाराने लगेच मान्य केली, त्यांच्या वरच्या मूळ प्रतीतही ४२,६००च आहे. ओट्याचं एकरकमीच आहे, सिंक धरलेलं नाही. ब्रासबद्दल विचारलं तर म्हणाले, "ब्रास म्हणजे शंभर फूट." चौरस की घन, ते बाबांनी विचारलं नाही.

साइटवरचा_माणूस

शब्दाने विचारू नका, भिंतीने विचारा. "हीच भिंत साडेचार इंची केली तर किती लागतील?" घनफुटाचा दर असेल तर रक्कम निम्मी सांगतील. चौरस फुटाचा असेल तर साडेचार इंचीचा वेगळाच दर सांगतील, आणि तो निम्म्याहून जास्त असेल, कारण पातळ भिंतीत वीट निम्मी लागली तरी मजुरी निम्मी होत नाही. जे ठरेल ते एकक दरापुढे लिहून घ्या.

राजू_सातारकर

रंगाच्या ११५० फुटांत दारं-खिडक्या वजा केल्यात का, हे कुणी पाहिलं का? आतून प्लास्टर ६४० आणि रंग ११५०, यात सीलिंग आणि जुन्या चांगल्या भिंती आल्या असतील, पण माप टाकून बघायला हवं.

सुप्रिया_के

ते राहिलंच आहे. एस्टिमेटमध्ये नुसता ११५० आहे, कुठल्या खोलीचं किती ते लिहिलेलं नाही. शनिवारी गावी जाऊन खोलीवार माप घेते आणि इथे टाकते. भिंतीचा प्रश्नही तेव्हा समोरच विचारेन. तोपर्यंत ॲडव्हान्स थांबवायला बाबांना सांगितलंय.