अनुभव धागा: विमानाच्या दारातून परत पाठवलेले उतारू

माणगावकर
मद्यपान केलेल्या एका प्रवाशाला विमानात चढू न दिल्याची बातमी काल वाचली आणि दाबोळी विमानतळावर पूर्वी पाहिलेला प्रसंग आठवला. लग्नाहून परतणाऱ्या मंडळींतील एक मध्यमवयीन गृहस्थ पुण्याच्या रात्रीच्या विमानासाठी आमच्या पुढे रांगेत होते. त्यांनी कोणालाही शिवीगाळ केली नव्हती. ते फक्त मोठ्या आवाजात गात होते आणि बोर्डिंग पास शोधताना त्यांनी दोनदा खांबाचा आधार घेतला. दारावरील मुलीने त्यांना बाजूला घेऊन चार शब्द विचारले, आणि थोड्याच वेळात त्यांना आज प्रवास करता येणार नाही असे सांगण्यात आले. त्यांच्या पत्नीची अवस्था पाहवत नव्हती. नेमके काय पाहून हा निर्णय घेतला जातो? कोणी असे पाहिले वा भोगले असल्यास कृपया लिहावे.

गेट_क्रमांक_दोन
निवृत्तीपूर्वी मी एका विमान कंपनीत ग्राउंड स्टाफमध्ये होतो, म्हणून सविस्तर लिहितो. प्रवाशाने किती घेतली हे आम्ही मोजत नाही. तो सूचना समजून घेऊन त्यांप्रमाणे वागू शकेल का, एवढेच पाहतो. विमानात धूर झाला, तर पट्टा सोडून, सामान मागे ठेवून, पायांनी चालत बाहेर पडता आले पाहिजे. म्हणून चेक-इनपासूनच नजर असते आणि संशय आल्यास साधे प्रश्न विचारतो: कुठे निघालात, सामान कोणी भरले, सोबत कोण आहे. उत्तर अडखळते का, प्रश्न पुन्हा विचारावा लागतो का, उभे राहताना तोल जातो का, विरोध केल्यावर आवाज चढतो का, हे पाहतो. नुसत्या वासावरून कोणाला थांबवू नये असे आम्हांला शिकवले होते. एकट्याने निर्णय न घेता दुसऱ्या सहकाऱ्याला बोलवायचे, मग ड्युटी मॅनेजर येतो आणि गरज पडल्यास कॅप्टनला कळवले जाते.

माणगावकर, आपल्या प्रसंगात गाणे हे कारण नसावे, खांब हे असावे. शिवाय वेळेचाही प्रश्न असतो. घाईघाईने घेतलेली दारू रक्तात सर्वाधिक चढायला अर्धा तास ते दीड तास लागतो. विमान सुटण्याच्या थोडे आधी दोन-तीन पेग घेतलेला माणूस दारात बरा दिसतो आणि त्याची नशा आकाशात शिगेला पोहोचते. तिथे केबिनमधील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. रक्तातील प्राणवायू थोडा कमी होतो आणि मद्य घेतलेल्याला झोप, गोंधळ किंवा मळमळ अधिक जाणवते. म्हणून जो दारात आधीच डोलतो आहे, तो पुढच्या तासाभरात सुधारेल असे धरता येत नाही. लहान पेग उतरवायलाच शरीराला साधारण तासभर किंवा अधिक लागतो आणि कॉफीने तो वेळ कमी होत नाही.

पेठेतला_वकील
हे सगळे ठीक आहे, पण श्वासचाचणी न करता एखाद्याला मद्यपी ठरवणे बेकायदेशीर आहे. हवाई वाहतुकीचे सरकारी नियामक डीजीसीए यांच्या नियमानुसार प्रवेश नाकारल्यास दहा ते वीस हजारांपर्यंत भरपाई मिळते, ती त्या गृहस्थांनी मागायला हवी होती.

गेट_क्रमांक_दोन
वकीलसाहेब, भरपाईचा नियम खरा आहे, परंतु तो जागांपेक्षा जास्त तिकिटे विकल्यामुळे वेळेवर आलेल्या माणसाला घेतले नाही, तर लागू होतो. श्वासचाचणी वैमानिक आणि केबिन क्रू यांची होते. प्रवाशांसाठी आकड्यांची मर्यादा नाही. उलट डीजीसीएचा बेशिस्त प्रवाशांसंबंधीचा नियम सांगतो, की सुरक्षेला धोका वाटणाऱ्याला चढू देऊ नये किंवा उतरवावे. मात्र असा माणूस गेला नाही, तरी तिकिटातील विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मागता येतात. ते बहुतेक जण मागत नाहीत.

पेठेतला_वकील
निर्णय डोळ्यांनी, पुरावा नाही आणि अपील नाही, हे मला अजूनही पटत नाही. निदान कारण लेखी दिले पाहिजे.

शुभदा_कोथरूड
वकीलसाहेबांचे मला पटते. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. ते थांबत थांबत चालतात, बोलणे अस्पष्ट आहे आणि चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. एका विमानतळावर त्यांना बाजूला उभे करून ‘आजोबा, काय घेतलंय?’ असे विचारले गेले. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मी गोळ्यांचे पाकीट आणि डॉक्टरांचे पत्र दाखवले, तेव्हा सोडले, पण दादा पुढे गेला होता आणि मी एकटी होते. पत्र सोबत नसते तर काय झाले असते?

गेट_क्रमांक_दोन
ताई, वाईट वाटले. साखर एकदम उतरलेला मधुमेही, फेफरे येऊन गेलेला माणूस किंवा पक्षाघाताची सुरुवात झालेला माणूस, सर्वच दारू प्यायल्यासारखे दिसू शकतात. पत्र सोबत ठेवावेच, आणि तिकीट काढताना व्हीलचेअर मागून आजाराची नोंद करून घ्यावी. मग दारावर नाव दिसताच कर्मचाऱ्याला आधीच माहीत असते.

नवी_आई_ठाणे
मी सात महिन्यांची गरोदर आहे. मलाही ‘अनफिट’ म्हणून थांबवतील का? डॉक्टरांच्या फिट-टू-फ्लाय दाखल्याबद्दल कोणी सांगेल का?

माणगावकर
नवी आई, हा धागा जरा वेगळ्या अनफिटांचा आहे, पण आपली काळजी योग्य आहे. आठवड्यांची मर्यादा कंपनीनुसार बदलते, म्हणून तिकीट ज्या कंपनीचे आहे तिच्या संकेतस्थळावर पाहून दाखला सोबत न्यावा.

ग्लासगोचा_पाटील
इकडे ब्रिटनमध्ये २०१६ च्या हवाई वाहतूक आदेशानुसार मद्यधुंद अवस्थेत विमानात शिरणे किंवा विमानात मद्यधुंद असणे हाच गुन्हा आहे, आणि दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तिथेही प्रवाशासाठी आकडा नाही. गंमत अशी, की इंग्लंडमध्ये सुरक्षा तपासणीच्या पलीकडील बारना नेहमीचा मद्यविक्रीचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे पहाटे पाचला बिअर मिळते. दारावरच्या मुलीने नंतर त्याचे निस्तरायचे!

माणगावकर
गेट क्रमांक दोन, एक विचारायचे होते. असे थांबवले गेले, की माणूस ‘नो फ्लाय’ यादीत जातो का?

गेट_क्रमांक_दोन
नाही. थांबवणे हा त्या दिवसापुरता निर्णय असतो. यादीसाठी वेगळी प्रक्रिया आहे. २०१७ च्या मार्चमध्ये उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचे प्रकरण झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात डीजीसीएने नियम कडक केले. शाब्दिक गैरवर्तन किंवा दारूच्या नशेतील बेशिस्त यासाठी तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक त्रासासाठी सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका निर्माण केल्यास किमान दोन वर्षे बंदी होते. त्याचा निवाडा निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या समितीने तीस दिवसांत करायचा असतो. वकीलसाहेब, इथे मात्र अपील आहे, साठ दिवसांच्या आत. त्या गृहस्थांनी ‘नाही’ ऐकून वाद घातला नसेल, तर त्यांचे नाव तिकडे जाण्याचे कारण नव्हते.

पेठेतला_वकील
म्हणजे थोडे प्यायलेल्याला अपील नाही आणि मारामारी करणाऱ्याला आहे.

शुभदा_कोथरूड
आणि गैरसमज झालेल्याला?

ग्लासगोचा_पाटील
माणगावकर, त्यांच्या पत्नी आणि बाकीचे वऱ्हाड गेले का पुढे?

माणगावकर
बाकीचे गेले, पत्नी थांबल्या. त्यांचे सामान आधीच विमानाच्या पोटात ठेवले होते, ते शोधून काढेपर्यंत विमान बराच वेळ उभे राहिले आणि त्या काळात आत बसलेले लोक त्या दोघांनाच शिव्या देत होते.

गेट_क्रमांक_दोन
चढला नाही त्याची बॅग उतरवणे बंधनकारक आहे, म्हणूनच उशीर होतो. सामान कंटेनरमध्ये भरलेले असेल तर काम थोडे सोपे. लहान विमानात सगळ्या सुट्ट्या बॅगा एकेक पाहाव्या लागतात. आमचे लोडर त्या रात्री काय म्हणत असतील, ते इथे लिहिण्यासारखे नाही.