मला फोटो दिसतात, बाकीच्यांना दिसत नाहीत: ड्राइव्हच्या लिंका बंद पडल्या (मदत हवी आहे)

पाखरू
आमच्या पक्षिनिरीक्षण गटाच्या वेबपानावर 14 फोटो आहेत. सगळे माझ्या गूगल ड्राइव्हच्या एकाच फोल्डरमधले, पानावर फक्त लिंका दिल्या आहेत. तीन महिने सुरळीत चाललं. परवापासून सगळे म्हणतात, फोटोच्या जागी फुटकं चिन्ह दिसतं. लिंक उघडली तर परवानगी मागा असं येतं. मला मात्र सगळं नीट दिसतंय! फोटो मी हलवले नाहीत की पुसले नाहीत.

सदाशिव_क
फोटो काढून टाका, पुन्हा चढवा आणि नवीन लिंक घ्या. माझं असंच सुटलं होतं.

मीरा
सदाशिव, तुमचं सुटलं खरं, पण पुन्हा चढवलेल्या फाइलचा आयडी बदलतो. मग पानावरच्या चौदाही लिंका बदलाव्या लागतील, शिवाय ज्यांनी जुनी लिंक जपून ठेवली त्यांची कायमची गेली. पाखरू, परवा त्या फोल्डरचं शेअरिंग बदललंत का?

पाखरू
हो, बदललं. त्यात सभासदांची फोन नंबरांची यादी ठेवली, म्हणून फोल्डर `Restricted` केला. पण फोटोंना तर हातही लावला नाही.

मीरा
तिथेच गोम आहे. फोटोंना स्वतःची परवानगी कधी दिलीच नव्हती, ती फोल्डरकडून येत होती. फोल्डर बंद झाला तशी तीही गेली. लिंक तीच आहे, पण अनोळखी माणसाला आता तिथे फोटोऐवजी लॉगिनचं पान मिळतं, आणि ते चित्र म्हणून दाखवता येत नाही. तुम्ही मालक, लॉगिन केलेले, म्हणून तुम्हाला दिसतं. खाजगी खिडकीत लिंक उघडा, तेव्हा इतरांना काय दिसतं ते कळेल.

फोल्डर पुन्हा उघडा करू नका, यादी बाहेर पडेल. चौदाही फोटो निवडा, `Share` मध्ये जा आणि `General access` खाली `Anyone with the link`, `Viewer` करा. आयडी तेच राहतात, म्हणून जुन्याच लिंका चालू होतील. पुढे एखादा फोटो बदलायचा झाला तर जुना पुसू नका. `Manage versions` मधून नवी प्रत चढवा.

वैद्य_न
माझ्याकडे तर तो पर्यायच येत नाही. फक्त `Restricted` आणि आमच्या संस्थेचं नाव दिसतं.

मीरा
ते संस्थेचं खातं असणार. बाहेर शेअर करणं तुमच्या अ‍ॅडमिननेच बंद केलंय. एकतर त्यांना विचारा, नाहीतर ती फाइल स्वतःच्या खात्यात ठेवा.

पाखरू
केलं. खाजगी खिडकीत तेरा दिसले! चौदावा मात्र अजून फुटका आहे, आणि त्याची परवानगी बाकीच्यांसारखीच दाखवतंय.

मीरा
त्याची लिंक बाकीच्यांसारखीच आहे का? `/view` ने संपणारी असेल तर ती फोटो दाखवणाऱ्या पानाची आहे, चित्राची नाही. मग `img` मध्ये ती कधीच चालली नसती. पत्ता इथे टाका, आयडी झाकून.

पाखरू
नाही, शेवटी `&sz=w1000` आहे, बाकीच्यांसारखंच. आणि परवापर्यंत हाही दिसत होता.

सदाशिव_क
हा फोटो नक्की तुमच्याच खात्यातला आहे ना? दुसऱ्या कुणी त्या फोल्डरमध्ये टाकला असेल तर मालक ते असतील.

पाखरू
शक्य आहे. तो आमच्या एका सभासदाने चढवला होता. त्यांना विचारून कळवतो.